कॅसँड्राचं टेबल प्रश्नावरून कसं आखायचं आणि पार्टिशन वर्षानुवर्षं आटोक्यात कसं ठेवायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही विक्रोळीत बसून टेम्पो, ट्रक आणि पाण्याच्या टँकरच्या जीपीएस ट्रॅकिंगचं काम करतो. वाशीच्या एपीएमसी मार्केटमधून रात्री भाजी घेऊन दादर-भायखळ्याला येणाऱ्या गाड्या आमच्या नकाशावर फिरत असतात. हा सगळा डेटा कॅसँड्रा या अनेक मशीनवर पसरलेल्या डेटाबेसमध्ये जातो. नव्याने आलेली मुलं आणि इतर ठिकाणी असंच काम करणारी मित्रमंडळी मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. उदाहरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच घेतलं आहे: गाडी कुठे होती आणि कधी होती.

आधी टेबल आखायचं की आधी प्रश्न लिहायचे?

आधी प्रश्न, तेही कागदावर, साध्या मराठीत. पोस्टग्रेसमध्ये आपण गाडी, चालक, मालक, लोकेशन अशी वस्तूंची यादी करतो, प्रत्येकीचं टेबल करतो आणि प्रश्न आला की जॉइन लावतो. कॅसँड्रात जॉइन नाही. डेटा कुठल्या नोडवर, म्हणजे कुठल्या मशीनवर, पडेल हे पार्टिशन कीच्या हॅशवरून ठरतं. त्यामुळे वाचताना ती की पूर्ण हातात असेल, तरच कॅसँड्रा थेट योग्य नोडवर जाऊ शकतो. की माहीत नसेल तर सगळं क्लस्टर धुंडाळावं लागतं.

आमच्या कागदावर तीन प्रश्न उरले. पहिला: अमुक गाडी अमुक तारखेला कुठे कुठे फिरली? दुसरा: माझ्या सगळ्या गाड्या आत्ता कुठे आहेत? तिसरा: आज माझ्या गाड्यांचे कोणते इशारे आले, म्हणजे जास्त वेग, ठरलेल्या रस्त्याबाहेर जाणं वगैरे? तीन प्रश्न म्हणून तीन टेबलं. एकच लोकेशन दोन ठिकाणी लिहिलं जातं, आणि ते तसंच अपेक्षित आहे. कॅसँड्रात लिहिणं स्वस्त पडतं, महाग पडतं ते शोधत फिरणं.

पार्टिशन की आणि क्लस्टरिंग कॉलम यांत नेमका फरक काय?

`PRIMARY KEY ((vehicle_id, day), ts)` ही ओळ घ्या. आतल्या कंसात आहे ती पार्टिशन की. गाडी आणि तारीख ही जोडी मिळून एक पार्टिशन होतं आणि त्या पार्टिशनमधल्या सगळ्या ओळी एकाच नोडवर, व तिच्या प्रती असलेल्या नोड्सवर, राहतात. बाहेरचा `ts` हा क्लस्टरिंग कॉलम. पार्टिशनच्या आत ओळी त्याच्या क्रमाने लावलेल्या असतात, म्हणून «सकाळी 8 ते 10» असा तुकडा अलगद उचलता येतो.

एक पार्टिशन दोन नोड्समध्ये कधीच विभागलं जात नाही. क्लस्टरमध्ये आणखी दहा नोड घातले तरी फुगलेलं पार्टिशन जसंच्या तसं एका नोडच्या गळ्यात राहतं. पुढचे बहुतेक प्रश्न इथूनच निघतात.

मग सरळ गाडीचा नंबरच पार्टिशन की ठेवला तर काय बिघडतं? आमच्याकडे व्यवस्थित चालतंय.

पहिल्या वर्षी चालतं. आम्हीही तेच केलं होतं: `PRIMARY KEY ((vehicle_id), ts)`. दिसायला नेटकं होतं, चाचणीत जलद होतं आणि सुरुवातीचे महिने कुणाची तक्रार नव्हती.

आता हिशोब करून पाहू. उपकरण दर 10 सेकंदांनी एक नोंद पाठवतं. दिवसाचे 86,400 सेकंद, म्हणजे गाडी चोवीस तास चालू धरली तर 8,640 ओळी. एक ओळ साधारण 100 बाइट धरू. दिवसाला 864 केबी झाले. वर्षाला 31,53,600 ओळी, म्हणजे 315 एमबी. पाच वर्षांत दीड जीबीच्या वर, आणि तेही एका गाडीचं एक पार्टिशन.

पार्टिशन 100 एमबीच्या आत आणि ओळी लाखाच्या आसपास ठेवाव्यात, असा या क्षेत्रात रुळलेला अंदाज आहे. ही काही तुटण्याची रेषा नव्हे. तुटण्याची रेषा खूप पुढे, एका पार्टिशनमध्ये दोन अब्ज सेल्सवर आहे. पण त्रास तिथे पोहोचायच्या कितीतरी आधी सुरू होतो. आमची गाडी ही 100 एमबीची मर्यादा चौथ्याच महिन्यात ओलांडत होती. नव्या आवृत्त्या मोठी पार्टिशन पूर्वीपेक्षा बरी सांभाळतात म्हणून आम्हाला लगेच कळलं नाही, इतकंच.

फुगलेल्या पार्टिशनचा त्रास दिसतो कसा?

आमच्याकडे तो एका ग्राहकाच्या फोनवर दिसला. ते म्हणाले, «अहो, नव्या गाड्यांचा रूट झटकन येतो, मग जुन्या गाड्यांचाच का अडकतो? दोन्हींत मशीन तर तेच बसवलंय ना?» त्यांनी निदानच सांगितलं होतं, आम्हाला ते उमगायला दोन दिवस लागले. सर्व्हरवर एकूण ताण असता, तर सगळ्याच गाड्या हळू झाल्या असत्या. जुनी गाडी हळू आणि नवी जलद, हे वाढत गेलेल्या पार्टिशनचं लक्षण आहे. दोघींमध्ये फरक फक्त साठलेल्या डेटाचा.

आतून घडत होतं ते असं. एका गाडीच्या ओळी अनेक एसएसटेबलांमध्ये, म्हणजे डिस्कवरच्या डेटा फायलींमध्ये, पसरलेल्या होत्या. जुन्या तारखेचा तुकडा वाचायला त्यांतल्या बऱ्याच फायली उघडाव्या लागत आणि प्रत्येकीत त्या मोठ्या पार्टिशनचा निर्देशांक चाळावा लागे. कंपॅक्शन, म्हणजे त्या फायली एकत्र करण्याचं काम, त्याच पार्टिशनवर रेंगाळे. रिपेअर, म्हणजे प्रतींमधला फरक जुळवण्याचं काम, चालू असला की मेमरीवर ताण येऊन जावाचे मेमरी साफ करण्याचे विराम लांबत, आणि मग त्या नोडवरच्या दुसऱ्या निष्पाप गाड्यांचीही वाचनं टाइमआउट होत.

पाहायच्या जागा दोन. पहिली `system.log`. कंपॅक्शन करताना ठरलेल्या मर्यादेपेक्षा मोठं पार्टिशन लिहावं लागलं की कॅसँड्रा `Writing large partition` अशी सूचना टाकतो, त्यात कीस्पेस, टेबल आणि की असते. आमच्या आवृत्तीत ही मर्यादा मूळात 100 एमबीच ठेवलेली आहे. आमच्या लॉगमध्ये ती ओळ कित्येक आठवडे येत होती, पण ती चेतावणी होती, एरर नव्हे, म्हणून आमच्या अलर्टमध्ये शिरलीच नाही. ती आता शिरते. दुसरी जागा ही:

```
nodetool tablehistograms fleet loc_by_vehicle
nodetool tablestats fleet.loc_by_vehicle
```

पहिल्या कमांडमध्ये पार्टिशनचा आकार टक्केवारीच्या पायऱ्यांनी दिसतो, दुसरीत `Compacted partition maximum bytes` हा आकडा शोधा. सरासरीवर विसंबू नका. हजार लहान पार्टिशन असली की सरासरी गोड दिसते आणि तीन राक्षस तिच्यामागे लपतात. हे आकडे ठोकळ गटांमधून काढलेले अंदाज असतात, त्यामुळे बाइटपर्यंत अचूकता शोधू नका. शिवाय ते त्या एका नोडपुरते असतात, म्हणून सगळ्या नोड्सवर चालवून पाहा.

काळाचा तुकडा कीमध्ये घालायचा हे पटलं. पण तो तास असावा, दिवस की महिना?

याचं उत्तर दोन बाजूंनी तपासावं लागतं: प्रश्न कोणत्या तुकड्यात विचारला जातो, आणि उद्या डेटा दसपट झाला तर तुकडा टिकेल का.

महिना घेतला तर 31 दिवसांच्या 2,67,840 ओळी आणि 27 एमबीच्या आसपास. आकार चालण्यासारखा आहे, ओळी जरा जास्त. आमच्यातले काही जण महिन्याच्या बाजूने होते, कारण कॉलम सोपा आणि मासिक अहवाल एका वाचनात. मी विरोध केला तो दसपटीमुळे. एका ग्राहकाने चालकाच्या ब्रेक मारण्याच्या सवयी तपासायला दर सेकंदाला नोंद मागितली. तशी गाडी महिन्याच्या पार्टिशनमध्ये 268 एमबी भरते, म्हणजे पुन्हा जुनंच दुखणं. दिवसाच्या पार्टिशनमध्ये तीच गाडी 86,400 ओळी आणि 8.6 एमबीवर थांबते. एक दिवस कधी लांबत नाही आणि जीपीएसला सेकंदापेक्षा दाट नोंद आमच्या कामात लागत नाही. म्हणजे वरची मर्यादा आता गणिताने बांधलेली आहे, कुणाच्या अंदाजावर टेकलेली नाही.

मग तास का नको? तासाला 360 ओळीच येतात. दिवसाचा प्रवास नकाशावर काढायला 24 वाचनं करावी लागतात, आणि पार्टिशनची संख्या चोवीसपट झाल्याने ब्लूम फिल्टर व पार्टिशनच्या निर्देशांकाचा भार विनाकारण वाढतो. ग्राहक तारीख निवडतो, तास नव्हे. म्हणून दिवस.

शेवटी टेबल असं झालं:

```
CREATE TABLE fleet.loc_by_vehicle_day (
  vehicle_id text,
  day date,
  ts timestamp,
  lat double,
  lon double,
  speed smallint,
  ignition boolean,
  PRIMARY KEY ((vehicle_id, day), ts)
) WITH default_time_to_live = 63072000
  AND compaction = {
    'class': 'TimeWindowCompactionStrategy',
    'compaction_window_unit': 'DAYS',
    'compaction_window_size': 30 };
```

इथे `ts` उलट्या क्रमाने लावलेला नाही, हे मुद्दाम. बरीच उदाहरणं `DESC` लावून दाखवतात, कारण त्यांना ताजी नोंद आधी हवी असते. आमच्याकडे ताज्या नोंदीला वेगळं टेबल आहे आणि हे टेबल सकाळपासून रात्रीपर्यंतचा प्रवास दाखवायला आहे, म्हणून सुलटा क्रम.

या कीचा आणखी एक फायदा आहे. नेटवर्क गेलं की उपकरण तीच नोंद दोनदा-तीनदा पाठवतं. गाडी, दिवस आणि वेळ तीच असल्याने ती त्याच ओळीवर पुन्हा लिहिली जाते, नवी ओळ तयार होत नाही. दुहेरी नोंदी शोधून काढायचं वेगळं काम उरत नाही.

«दिवस» म्हणजे कुठला दिवस? यूटीसी की भारतीय?

हा प्रश्न फार थोडे जण विचारतात, आणि सर्वांत जास्त घोळ इथेच होतो.

सर्व्हर यूटीसीवर चालतो. यूटीसीची तारीख बदलते तेव्हा मुंबईत पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात. आमच्या लिहिणाऱ्या सेवेने तारीख सर्व्हरच्या घड्याळावरून काढली आणि नकाशाच्या सेवेने भारतीय वेळेवरून. परिणाम असा की रात्री 12 ते पहाटे 5:30 मधल्या नोंदी आदल्या तारखेच्या पार्टिशनमध्ये जाऊन बसल्या आणि नकाशा त्या निवडलेल्या तारखेत शोधत राहिला. दिवसा फिरणाऱ्या टँकरच्या प्रवासात काहीच वावगं दिसलं नाही. एपीएमसीच्या भाजीच्या गाड्या मात्र नेमक्या त्याच वेळी रस्त्यावर असतात, त्यांचा अख्खा प्रवास गायब. कुठलाही डेटा ठरावीक साडेपाच तास गायब दिसला, तर आधी तारखेचं गणित तपासा.

आम्ही भारतीय तारीख निवडली. ग्राहक «कालची गाडी» म्हणतो ती भारतीय कालची असते, आणि आपल्याकडे घड्याळ पुढे-मागे करण्याची उन्हाळी पद्धत नसल्याने प्रत्येक दिवस सरळ चोवीस तासांचा असतो. ज्यांचे ग्राहक अनेक देशांत आहेत त्यांनी यूटीसी घ्यावं आणि वाचताना दोन दिवस वाचावेत. काहीही निवडा, पण ते गणित एकाच फंक्शनमध्ये ठेवा आणि लिहिणारा व वाचणारा दोघेही तेच वापरतील याची खात्री करा:

```
LocalDate day = ts.atZone(ZoneId.of("Asia/Kolkata")).toLocalDate();
```

रात्री 11 ला वाशीहून निघून दीडला दादरला पोहोचलेली फेरी दोन पार्टिशनमध्ये पडणारच. दोन्ही वाचून जोडायची. त्यात काही बिघडत नाही.

नोंद उशिरा आली तर ती कुठल्या दिवसात जाते?

ज्या दिवशी घडली त्या दिवसात. पावसात हिंदमाताला पाणी भरलं, गाडी तासन् तास अडकली, नेटवर्कही गेलं, की उपकरण नोंदी स्वतःत साठवतं आणि नंतर एकदम सोडतं. आपण `day` काढतो तो नोंदीच्या `ts` वरून, ती सर्व्हरवर पोहोचली त्या वेळेवरून नाही. पोहोचण्याच्या वेळेवरून काढला, तर कालचा प्रवास आजच्या पार्टिशनमध्ये सांडतो आणि ग्राहकाला दोन्ही दिवस चुकीचे दिसतात.

पण मग उपकरणाच्या घड्याळावर आंधळा विश्वास ठेवता येत नाही. 7 एप्रिल 2019 च्या पहाटे, भारतीय वेळेनुसार, जीपीएसचा आठवड्यांचा गणक 1,024 आठवडे पूर्ण करून पुन्हा शून्यावर आला. ज्या जुन्या उपकरणांत त्याची तयारी नव्हती ती तारीख 1999 ची सांगू शकत होती. अशा नोंदी नाकारू नका, पण मुख्य टेबलातही घालू नका. नोंदीची वेळ सर्व्हरच्या वेळेपेक्षा 10 मिनिटांहून पुढे किंवा 15 दिवसांहून मागे असेल, तर आम्ही ती बाजूच्या टेबलात टाकतो आणि माणूस तपासतो. हे आकडे आमच्या धंद्यापुरते आहेत, तुमचे वेगळे असतील.

«सगळ्या गाड्या आत्ता कुठे आहेत» याला प्रत्येक गाडीच्या आजच्या पार्टिशनमधली शेवटची ओळ वाचली तर?

600 गाड्यांचा ग्राहक नकाशाची स्क्रीन उघडतो आणि दर 10 सेकंदांनी 600 वाचनं होतात. शिवाय जी गाडी आज निघालीच नाही, तिच्यासाठी काल, परवा असं मागे मागे जावं लागतं. यासाठी वेगळं टेबल घ्या: `PRIMARY KEY ((fleet_id), vehicle_id)`. प्रत्येक गाडीची एकच ओळ, तिच्यावरच पुन्हा पुन्हा लिहायचं. पार्टिशनची मर्यादा म्हणजे ग्राहकाच्या गाड्यांची संख्या. इथे काळ कीमध्ये नाही, कारण काळाबरोबर ओळी वाढतच नाहीत. नव्या मूल्याने जुनं मूल्य झाकलं जातं, त्यासाठी टूमस्टोनही, म्हणजे खोडल्याची खूणही, पडत नाही.

एकच खाच आहे. उशिरा आलेली कालची नोंद शेवटी पोहोचली म्हणून आजच्या जागेवर बसते, आणि वाशीत उभी असलेली गाडी नकाशावर पुन्हा हिंदमाताला जाते. आधी वाचून तुलना करून मग लिहिणं महाग आणि धोक्याचं आहे, कारण वाचणं आणि लिहिणं यांच्या मध्ये दुसरी नोंद घुसू शकते. त्यापेक्षा लिहितानाच नोंदीची वेळ मायक्रोसेकंदांत `USING TIMESTAMP` म्हणून द्या. कॅसँड्रा नेहमी मोठ्या टाइमस्टॅम्पचं मूल्य जिंकवतो, त्यामुळे जुनी नोंद कितीही उशिरा आली तरी हरते.

यातला धोकाही समजून घ्या. एखाद्या उपकरणाने पुढच्या वर्षीची वेळ सांगितली, तर पुढच्या वर्षापर्यंत त्या गाडीची एकही खरी नोंद जिंकणार नाही आणि गाडी नकाशावर गोठून राहील. म्हणूनच वरची 10 मिनिटांची चाळणी या टेबलाच्याही आधी लागते.

मासिक अहवालाला 31 पार्टिशन वाचावी लागतील, त्याचं काय?

वाचा. पण `day IN (...)` मध्ये 31 तारखा कोंबू नका. तसं केलं की एकच कोऑर्डिनेटर नोड सगळ्या तारखांचं ओझं घेतो, आणि एक तारीख अडकली की सगळी क्वेरी अडकते. एका तारखेचं एक प्रिपेअर्ड स्टेटमेंट करा आणि ती समांतर सोडा, एका वेळी आठ-दहाच्या वर नको. कॅसँड्राची ड्रायव्हर लायब्ररी प्रत्येकाला नेमक्या प्रतीवर पाठवते आणि अडकलेली एकच तारीख पुन्हा मागता येते.

अहवालात फक्त किलोमीटर आणि चालू तास हवे असतील, तर कच्च्या नोंदी वाचूच नका. रोज रात्री त्या दिवसाची बेरीज करून एक ओळ `((vehicle_id), day)` अशा टेबलात ठेवा. आता कुणी म्हणेल, इथे तर पुन्हा गाडीच एकटी पार्टिशन की झाली! झाली. पण इथे वर्षाला 365 ओळी येतात, वीस वर्षांत सात हजारांच्या थोड्या वर. पार्टिशन बांधलेलं आहे की नाही, हे कीमध्ये तारीख दिसते का यावरून ठरत नाही, गुणाकार करून ठरतं.

याच टेबलाचा दुसरा उपयोग असा: गणपतीत आठ दिवस उभी असलेली गाडी शेवटची कधी फिरली, हे रिकाम्या पार्टिशनांमध्ये एकेक दिवस मागे न चाचपता इथून एका वाचनात कळतं.

इशाऱ्यांच्या टेबलाला काळाशिवाय आणखी काही वाढतं का?

ग्राहक वाढतो. `((fleet_id, month), ts, vehicle_id)` असं पहिलं रूप होतं. 600 गाड्यांना प्रत्येकी दिवसाला वीसेक इशारे धरले तर महिन्याच्या 3,72,000 ओळी, आणि तो ग्राहक उद्या आणखी गाड्या घेणारच. इशाऱ्यांची स्क्रीन आजचे आणि कालचे दाखवते, म्हणून इथेही दिवस घेतला: 12,000 ओळी. पार्टिशनला 0 ते 3 असा कृत्रिम क्रमांक लावून आणखी फोडावं, अशी सूचना आली होती. मी ती घेतली नाही. प्रत्येक वाचन चौपट होतं आणि आमच्या गुणाकारात त्याची गरज दिसली नाही.

टीटीएल लावला की जुना डेटा आपोआप जातो. मग पार्टिशनची काळजी कशाला?

टीटीएल म्हणजे ओळीचं ठरवून दिलेलं आयुष्य, आणि वरचा 63072000 म्हणजे दोन वर्षांचे सेकंद. टीटीएल संपलेली ओळ लगेच डिस्कवरून जात नाही. ती आधी टूमस्टोनसारखी वागते, आणि `gc_grace_seconds` म्हणजे मूळ मांडणीत 10 दिवस उलटल्यावर कंपॅक्शन तिला काढू शकतं. गाडीचं एकच अखंड पार्टिशन असेल, तर जुन्या बाजूला मेलेल्या ओळींचा ढीग साचतो आणि त्यावरून जाणारं वाचन ते सगळे टूमस्टोन मोजत जातं. एका वाचनात हजार झाले की लॉगमध्ये चेतावणी येते, एक लाख झाले की क्वेरीच रद्द होते. शिवाय दोन वर्षांचा जिवंत डेटा तरीही 630 एमबी असतो. टीटीएलने वाढ थांबते, पण फार वर जाऊन.

दिवसाच्या पार्टिशनमध्ये अख्खं पार्टिशन जवळपास एकदम मरतं. टाइम विंडो कंपॅक्शन एका काळात लिहिलेला डेटा एकत्र ठेवतं, म्हणून सगळं संपलेली एसएसटेबल फाइल तशीच्या तशी उडवता येते. 30 दिवसांच्या खिडकीने दोन वर्षांच्या पंचवीसेक खिडक्या होतात, ती संख्या सांभाळण्याजोगी आहे. या टेबलात अधूनमधून हाताने `DELETE` मात्र चालवू नका. वेगवेगळ्या काळातल्या फायली एकमेकींत अडकतात आणि पूर्ण संपलेली फाइलही अडून बसते.

आमचं टेबल आधीच फुगलं आहे. `ALTER TABLE` ने की बदलता येईल का?

नाही. प्रायमरी की टेबल तयार झाल्यावर बदलत नाही. नवं टेबल करून डेटा हलवावा लागतो, आणि तेही गाड्या चालू असताना.

आम्ही आधी नवं टेबल केलं आणि प्रत्येक ताजी नोंद दोन्हीकडे लिहायला लागलो. वाचन जुन्यातूनच चालू ठेवलं. मग जुना डेटा उचलला, एका गाडीचा एक दिवस असा, सर्वांत जुन्या दिवसापासून पुढे. जुनी मोठी पार्टिशन एका दमात वाचायला गेलं तर तीच टाइमआउट होतात, म्हणून `ts` ची सीमा घालून दिवसाचाच तुकडा मागायचा.

सगळ्यांची चूक होते ती टीटीएलमध्ये. वीस महिन्यांपूर्वीची ओळ नव्या टेबलात नुसती लिहिली, तर तिला पुन्हा पूर्ण दोन वर्षं मिळतात. म्हणून उरलेला काळ मोजून द्यायचा, आणि लिहिण्याची मूळ वेळही:

```
INSERT INTO fleet.loc_by_vehicle_day
  (vehicle_id, day, ts, lat, lon, speed, ignition)
VALUES (?, ?, ?, ?, ?, ?, ?)
USING TIMESTAMP ? AND TTL ?;
```

टाइमस्टॅम्प जुन्या ओळीच्या `WRITETIME(lat)` मधून घेतला. तो दिला नाही, तर दोन वर्षांचा सगळा डेटा आजच्याच खिडकीत येऊन पडतो. जुन्यापासून क्रमाने जाण्याचं कारणही तेच: एका वेळी लिहिला जाणारा जुना डेटा एकाच खिडकीतला राहतो आणि फायलींमध्ये काळ कमी मिसळतो.

नंतर काही दिवस दोन्ही टेबलांतून तोच दिवस वाचून ओळींची संख्या ताडून पाहिली. तारखेचा साडेपाच तासांचा घोळ आम्हाला याच ताडणीत सापडला. जुळल्यावर वाचन नव्याकडे वळवलं, आणि जुनं टेबल आणखी महिनाभर ठेवून मग काढलं.

ओळीचा आकार 100 बाइट हा आकडा कुठून आणायचा?

मोजून. एका गाडीचा खरा एक दिवस चाचणीच्या क्लस्टरमध्ये लिहा, `nodetool flush` करा, `tablestats` मधला पार्टिशनचा आकार ओळींच्या संख्येने भागा. कॉलमच्या प्रकारांची बेरीज कागदावर करून चालत नाही, ओळीसोबत वेळ, टीटीएल वगैरेही साठवलं जातं. नवा कॉलम आला, विशेषतः उपकरणाचा कच्चा संदेश `text` म्हणून ठेवायचा मोह झाला, की हा गुणाकार पुन्हा करा. 100 बाइटचे 600 झाले तर दर सेकंदाच्या गाडीचा दिवस 52 एमबीला पोहोचतो.

जो प्रश्न यादीत नव्हता तो एखाद्या दिवशी आला तर? उदाहरणार्थ, पोलिसांनी विचारलं की त्या रात्री 2 ते 3 मध्ये सायन सर्कलजवळ कोणत्या गाड्या होत्या?

`ALLOW FILTERING` लावून अक्षांश-रेखांशावर शोधू नका. तो सगळ्या गाड्यांचा दोन वर्षांचा डेटा चाळत बसेल आणि चालू गाड्यांचं वाचन अडवेल. वर्षातून एकदा येणाऱ्या प्रश्नासाठी चौकावरून की लावलेलं आणखी एक टेबल करणंही मला पटत नाही, कारण त्याला प्रत्येक नोंद कायम लिहीत राहावी लागेल.

आमच्याकडे 1,200 गाड्या आहेत. त्यांची यादी आहे, तारीख माहीत आहे, म्हणजे पार्टिशन की पूर्ण हातात आहे. एक छोटा प्रोग्राम त्या तारखेची 1,200 पार्टिशन थोडी थोडी करून वाचतो, प्रत्येकातून `ts` ची 2 ते 3 एवढीच पट्टी, म्हणजे दर 10 सेकंदांच्या गाडीच्या फार तर 360 ओळी. चौकापासूनचं अंतर प्रोग्राममध्येच मोजून जवळच्या गाड्या वेगळ्या काढायच्या. जुन्या टेबलावर हेच काम करताना सर्वांत जुन्या गाड्यांपाशी प्रोग्राम अडकत असे. आता दोन वर्षांपासूनची गाडी आणि गेल्या आठवड्यात बसवलेली गाडी यांना सारखाच वेळ लागतो.